भाव आणि खपाची रेघ नेमकी कोणाची?

बाजारातला भाव आणि विकला गेलेला माल हे दोन्ही आकडे एकाच सौद्यातून, एकाच वेळी ठरतात. आधी कोणी भाव जाहीर केला आणि मग तो पाहून गिऱ्हाइकांनी माल उचलला, असे घाऊक बाजारात होत नाही. माल किती आला आहे हे पाहून खरेदीदार बोली लावतात आणि बोली कशी चालली आहे हे पाहून विकणारे माल काढतात किंवा राखून ठेवतात. या ओढाताणीत जिथे दोन्ही बाजू जुळतात तो त्या दिवसाचा भाव आणि तोच त्या दिवसाचा खप. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हा बिंदू दोन वक्रांच्या छेदावर दाखवलेला असतो. मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे उतरतो, कारण भाव वाढला की गिऱ्हाईक कमी घेते. पुरवठ्याचा वक्र चढतो, कारण भाव वाढला की विकणारा जास्त माल आणतो.

आकृती पाहून वाटते की हे वक्र बाजारात कुठेतरी दिसत असतील. प्रत्यक्षात ते कधीच दिसत नाहीत. दिसतो तो फक्त छेदबिंदू, दिवसाला एक. वर्षभराची नोंदवही उघडली तर त्यात असे तीनशे-साडेतीनशे बिंदू सापडतात. ते आलेखकागदावर मांडावेत, त्यांच्या सर्वांत जवळून जाणारी सरळ रेघ काढावी आणि तिच्या चढ-उतारावरून ‘भाव एक रुपयाने वाढला तर मागणी इतकी घटते’ असे सांगावे, हा मोह साहजिक आहे. अशी रेघ काढण्याच्या रीतीला संख्याशास्त्रात रिग्रेशन म्हणतात, आणि आज ते काम कोणत्याही संगणकावर क्षणात होते. अडचण अशी की ती रेघ मागणीची नसते आणि पुरवठ्याचीही नसते.

हे पटण्यासाठी एक छोटा, मुद्दाम रचलेला हिशेब पुरेसा आहे. शहरातल्या एका घाऊक बाजारात टोमॅटो विकला जातो असे समजू. सर्वसाधारण दिवशी किलोला ३० रुपये भावाने ४० क्विंटल माल जातो. भाव एक रुपया वाढला की गिऱ्हाइके २ क्विंटल कमी घेतात, तर शेतकरी १ क्विंटल जास्त आणतात. हे दोन आकडे, म्हणजे मागणीचा उणे २ आणि पुरवठ्याचा अधिक १, या बाजाराचे खरे स्वरूप. ते आपल्याला माहीत आहेत, पण बाजाराचा अभ्यास करणाऱ्याला माहीत नाहीत. त्याला तेच शोधायचे आहेत.

आता या बाजाराला दोन गोष्टी हलवतात. लग्नतिथी असली की केटरर मंडळी बाजारात उतरतात आणि भाव कोणताही असो, मागणी ६ क्विंटलने वाढते. तिथी नसली की ती नेहमीपेक्षा ६ क्विंटलने कमी असते. दुसरीकडे, शेताच्या भागात पाऊस झाला की तोडा थांबतो आणि आवक ६ क्विंटलने घटते. कोरडे असले की ती ६ क्विंटलने वाढते. चार प्रकारचे दिवस होतात आणि प्रत्येक दिवशी दोन्ही बाजू जिथे जुळतात तो भाव व खप असा निघतो:

| दिवस | भाव (रुपये किलो) | खप (क्विंटल) |
|---|---|---|
| तिथी आहे, कोरडे | ३० | ४६ |
| तिथी आहे, पाऊस | ३४ | ३८ |
| तिथी नाही, कोरडे | २६ | ४२ |
| तिथी नाही, पाऊस | ३० | ३४ |

दुसरी ओळ पडताळून पाहता येईल. भाव ३४ म्हणजे नेहमीपेक्षा ४ रुपये जास्त, म्हणून मागणी ४० मधून ८ वजा आणि तिथीचे ६ अधिक, म्हणजे ३८. पुरवठा ४० अधिक ४, वजा पावसाचे ६, म्हणजे ३८. दोन्ही जुळतात.

अभ्यासकाच्या हाती मात्र फक्त शेवटचे दोन रकाने आहेत. त्याने या चार बिंदूंतून रिग्रेशनची रेघ काढली तर तिचा उतार उणे अर्धा येतो. भाव एक रुपयाने वाढला की खप अर्ध्या क्विंटलने घटतो, असे त्याचे अनुमान. खरी मागणी तर २ क्विंटलने घटते, म्हणजे चौपट. पुरवठा घटत नाहीच, तो वाढतो. उणे अर्धा हा आकडा या बाजारातल्या कोणाच्याच वागण्याचे वर्णन करत नाही.

अक्ष बदलून पाहिले, म्हणजे खपावरून भावाचा अंदाज घेणारी रेघ काढली, तरी सुटका नाही. ती रेघ सांगते की खप एक क्विंटलने वाढला की भाव २० पैशांनी उतरतो. उलट करून वाचले तर रुपयामागे ५ क्विंटलचा फरक. तेच चार दिवस, तीच आकडेमोड, आणि उत्तर एकदा उणे अर्धा, एकदा उणे पाच. खरा उणे दोन या दोहोंपैकी कशातच नाही.

नोंदी वाढवल्या तर चूक भरून निघेल, हा समज सर्वांत चिवट आहे. चार दिवसांऐवजी याच चार प्रकारचे चार लाख दिवस सारख्या प्रमाणात घेतले तरी रेघ उणे अर्ध्यावरच राहते. नोंदी वाढल्याने उत्तरातली डगमग कमी होते आणि चुकीचे उत्तर अधिकाधिक ठामपणे समोर येते. संगणक त्याच्या शेजारी विश्वासाची अरुंद पट्टी छापतो आणि वाचणारा निर्धास्त होतो.

असे का होते, ते पहिल्या आणि चौथ्या दिवसाकडे पाहिले की कळते. दोन्ही दिवशी भाव ३०, पण खप एकदा ४६ आणि एकदा ३४. भाव तोच असताना खप बदलला, कारण दोन्ही वक्र एकदम सरकले होते. रिग्रेशन मात्र असे धरून चालते की भावाखेरीज खपावर परिणाम करणारी जी काही इतर कारणे आहेत त्यांचा भावाशी संबंध नाही. बाजारात हे गृहीत मुळातच टिकत नाही. लग्नतिथीने मागणी वाढते आणि त्याच क्षणी भावही चढतो. ज्या दिवशी भाव चढलेला दिसतो त्या दिवशी मागणीही वाढलेली असण्याची शक्यता जास्त, म्हणून भाववाढीने गिऱ्हाईक किती मागे हटले हे झाकले जाते. कारण आणि परिणाम एकाच गाठीत बांधलेले असतात. अर्थमितीत याला समकालिकतेची अडचण म्हणतात.

या हिशेबातून एक नेटके सूत्र निघते आणि पुढचा सगळा इतिहास त्यावरून उलगडतो. रेघेचा उतार हा मागणीच्या आणि पुरवठ्याच्या उताराची भारित सरासरी असतो. कोणता वक्र किती हलतो यावर भार ठरतो, पण उलट्या बाजूने: मागणी जितकी जास्त हलेल तितकी रेघ पुरवठ्याच्या वक्राकडे झुकते, आणि पुरवठा जितका जास्त हलेल तितकी ती मागणीकडे झुकते. टोमॅटोच्या बाजारात दोन्ही सारखेच हलतात, म्हणून उणे दोन आणि अधिक एक यांची साधी सरासरी, म्हणजे उणे अर्धा. लग्नतिथीचा चढउतार पावसाच्या दुप्पट असता (संख्याशास्त्राच्या मापाने, म्हणजे विचरण दुप्पट असते) तर रेघ अगदी आडवी आली असती आणि अभ्यासकाने लिहिले असते की टोमॅटोच्या भावाचा खपावर काहीच परिणाम होत नाही.

असे निष्कर्ष खरोखर लिहिले गेले आहेत. कोलंबिया विद्यापीठातले हेन्री मूर हे अमेरिकेतल्या आकडेवारीवर आधारलेल्या अर्थशास्त्राचे आद्य अभ्यासक. १९१४ साली त्यांनी व्यापारचक्रांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात मका, गवत, ओट आणि बटाटा या पिकांचे मागणी वक्र त्यांनी आकड्यांवरून काढले. ते सगळे अपेक्षेप्रमाणे उतरते आले. मग त्यांनी तीच रीत कच्च्या लोखंडाला लावली आणि रेघ चढती आली. मूर यांनी ती रेघ टाकून दिली नाही. उलट, कारखान्यांना लागणाऱ्या मालाचा मागणी वक्र चढता असतो, हा एक नवाच प्रकार आपल्याला सापडला आहे, असे त्यांनी मांडले.

वरचे सूत्र हाती असले की दोन्ही निकालांचा उलगडा होतो. पिकाचा पुरवठा दरवर्षी पावसा-पाण्यावर हलतो. लोकांची बटाट्याची गरज मात्र वर्षागणिक फारशी बदलत नाही. म्हणून पिकांच्या आकड्यांतून निघालेली रेघ मागणीच्या वक्राजवळ पडते. लोखंडाचे उलटे. झोतभट्ट्या एका हंगामात उभ्या राहत नाहीत वा मोडत नाहीत, त्यामुळे पुरवठ्याचा वक्र तुलनेने स्थिर. हलते ती मागणी: तेजीत रेल्वे आणि बांधकामे लोखंड ओढून घेतात, मंदीत कोणी विचारत नाही. मागणीचा वक्र मागेपुढे सरकत राहिला आणि त्याने पुरवठ्याच्या वक्रावर बिंदू ठेवत नेले. मूर यांनी पुरवठ्याचा वक्र शोधला होता आणि त्याला मागणीचे नाव दिले होते. पिकांबाबत त्यांचे उत्तर खऱ्याजवळ आले तेही रीत बरोबर होती म्हणून नव्हे, तर हवामानाच्या कृपेने.

पुढच्याच वर्षी, १९१५ साली, मूर यांच्या पुस्तकाचे परीक्षण लिहिताना फिलिप राइट यांनी हा दोष दाखवला. राइट इलिनॉयमधल्या लोम्बार्ड कॉलेजात शिकवलेले गृहस्थ. कवी कार्ल सँडबर्ग हे त्यांचे विद्यार्थी, आणि त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तिका राइट यांनी घरच्या छापयंत्रावर छापल्या होत्या. १९२७ मध्ये एल्मर वर्किंग यांनी आकडेवारीतले ‘मागणी वक्र’ खरोखर काय दाखवतात, असा थेट प्रश्न विचारणारा लेख लिहिला. दोन्ही वक्र हलत असतील तर बिंदूंचा नुसता पुंजका मिळतो आणि त्यातून काढलेल्या रेघेला कोणतेही नाव देता येत नाही, हे त्यांनी आकृत्यांनी इतके स्वच्छ दाखवले की आजही पाठ्यपुस्तकांत त्याच आकृत्या वेगवेगळ्या रूपांत येतात.

रोगनिदान झाले, पण उपाय राइट यांनी १९२८ साली दिला. पुस्तक होते प्राणिज आणि वनस्पती तेलांवरच्या आयातशुल्काबद्दल. विषय रुक्ष वाटला तरी प्रश्न रोकडा होता: जवसाच्या तेलावर शुल्क बसवले तर देशातला भाव किती चढेल आणि किती माल देशात पिकू लागेल? याचे उत्तर द्यायला मागणीचा आणि पुरवठ्याचा असे दोन्ही उतार वेगवेगळे माहीत असावे लागतात. दोघांचे मिश्रण उपयोगाचे नाही. पुस्तकाच्या ‘ब’ परिशिष्टात राइट यांनी सांगितले की भाव आणि खप यांच्यापलीकडची माहिती आणल्याशिवाय हे सुटणार नाही. असा एखादा घटक हवा जो पुरवठ्याची परिस्थिती बदलतो पण मागणीला हात लावत नाही, जसे की एकरी उत्पादन. किंवा असा, जो मागणी बदलतो पण पुरवठ्याला हात लावत नाही, जसे की पर्यायी मालाचा भाव. अशा घटकाला पुढे साधनचल हे नाव मिळाले.

राइट यांचे चिरंजीव स्यूअल राइट हे नावाजलेले आनुवंशशास्त्रज्ञ होते आणि कारणांच्या साखळ्या आकड्यांत मांडण्याची त्यांची स्वतःची रीत होती. त्यामुळे ते परिशिष्ट खरे तर मुलाने लिहिले असावे, अशी शंका बरीच वर्षे होती. २००३ साली जेम्स स्टॉक आणि फ्रान्चेस्को ट्रेबी यांनी दोघांच्या लेखनशैलीची संख्याशास्त्रीय तुलना केली, आणि कौल वडिलांच्या बाजूने पडला.

साधनचल काय करतो, हे टोमॅटोच्या तक्त्यावरच पाहावे. आता अभ्यासकाला आणखी एकच रकाना द्या: त्या दिवशी शेताच्या भागात पाऊस होता की नव्हता. लग्नतिथीची माहिती त्याला अजूनही नाही. त्याने कोरड्या दिवसांची सरासरी काढली तर भाव २८ आणि खप ४४. पावसाच्या दिवसांची सरासरी भाव ३२ आणि खप ३६. म्हणजे पावसाने भाव ४ रुपयांनी चढवला आणि खप ८ क्विंटलने उतरवला. आठला चारने भागले की उणे २, म्हणजे नेमका मागणीचा उतार. जादू काही नाही. पाऊस शेतात पडला, शहरातल्या गिऱ्हाइकाच्या आवडीवर त्याचा परिणाम नाही, आणि पावसाच्या व कोरड्या दिवसांत लग्नतिथी सारख्याच वाटलेल्या आहेत. म्हणून या दोन सरासऱ्यांमध्ये मागणीचा वक्र जागच्या जागी राहिला आणि पुरवठा त्याच्यावरून सरकला.

पावसाऐवजी तिथीची माहिती दिली तर दुसरा वक्र मिळतो. तिथीच्या दिवसांची सरासरी भाव ३२, खप ४२. बिनतिथीची भाव २८, खप ३८. चार रुपयांमागे ४ क्विंटल, म्हणजे अधिक १, पुरवठ्याचा उतार. नियम थोडा आडवळणाचा आहे: मागणी ओळखायची तर पुरवठा हलवणारे काही हवे, आणि पुरवठा ओळखायचा तर मागणी हलवणारे. हाती फक्त पावसाची नोंद असेल तर मागणीचा वक्र मिळेल, पुरवठ्याचा मिळणार नाही.

या ठिकाणी एक चूक फार सहज होते आणि ती जाणत्यांकडूनही होते. पावसाची नोंद मिळाली की ती रिग्रेशनमध्ये भावाच्या शेजारी आणखी एक कारण म्हणून टाकली जाते, या समजुतीने की ‘पावसाचा परिणाम वगळला’ म्हणजे हिशेब शुद्ध झाला. तक्त्यावर ते करून पाहिले तर काय होते? पाऊस वगळणे म्हणजे पावसाच्या दिवसांची तुलना पावसाच्याच दिवसांशी करणे. ते दोन बिंदू भाव ३४, खप ३८ आणि भाव ३०, खप ३४. उतार अधिक १. कोरड्या दिवसांचे दोन बिंदूही तेच सांगतात. मागणी शोधायला निघालेल्या अभ्यासकाच्या हाती पुरवठ्याचा वक्र लागला, कारण पुरवठ्याची हालचाल त्याने स्वतःच बाजूला काढली आणि उरली ती फक्त मागणीची. तीच नोंद, तेच दिवस. वापरण्याची जागा बदलली की उत्तराचे चिन्हच उलटते.

खऱ्या बाजारात हे कसे होते याचे सर्वांत परिचित उदाहरण न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळीबाजाराचे आहे. हा घाऊक बाजार २००५ पर्यंत मॅनहॅटनमध्ये भरत असे. डिसेंबर १९९१ ते मे १९९२ या काळात कॅथरिन ग्रॅडी यांनी तिथल्या एका विक्रेत्याच्या व्हायटिंग नावाच्या मासळीच्या विक्रीची माहिती गोळा केली, एकूण १११ दिवसांची. मासळीचा बाजार अशा अभ्यासाला सोयीचा, कारण ताजी मासळी फार दिवस ठेवता येत नाही. आलेला माल थोड्या काळात खपवावाच लागतो.

फुल्टनच्या आकड्यांवर साधी रेघ काढली तर भाव एक टक्क्याने वाढल्यास खप साधारण अर्ध्या टक्क्याने घटतो असे दिसते. साधनचल म्हणून इथे समुद्रातले हवामान वापरले गेले. लाटांची उंची आणि वाऱ्याचा वेग यांवरून आधीच्या काही दिवसांत वादळी हवा होती का हे ठरवले. लाटा साडेचार फुटांपेक्षा उंच आणि वारा १८ नॉट्सपेक्षा जोराचा असेल तर तो काळ वादळी. वादळात बोटी जात नाहीत किंवा थोडे पकडून परततात, माल कमी येतो, भाव चढतो. वादळी आणि शांत दिवसांची तुलना केली तेव्हा लवचिकता सुमारे उणे १ आली, म्हणजे साध्या रेघेच्या जवळजवळ दुप्पट. टोमॅटोच्या हिशेबातली चूक ज्या दिशेने होती, त्याच दिशेने ही चूक आहे: मागणीतले चढउतार भावाला सोबत घेऊन जातात आणि गिऱ्हाइकाचा प्रतिसाद खऱ्यापेक्षा लहान भासतो. हे विश्लेषण पुढे जोशुआ अँग्रिस्ट, ग्रॅडी आणि हीडो इम्बेन्स यांनी २००० साली अधिक खोलात नेले. अँग्रिस्ट आणि इम्बेन्स यांना कारण-परिणाम ओळखण्याच्या पद्धतींवरील कामासाठी २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

विक्रेत्याला या फरकाचा अर्थ रोजच्या व्यवहारात कळतो. लवचिकता उणे अर्धा असेल तर भाव वाढवला की गल्ल्यात येणारी एकूण रक्कम वाढते. ती उणे १ च्या आसपास असेल तर भाव चढवूनही गल्ला जवळपास तेवढाच राहतो.

अर्थात वादळ हे साधन बिनतक्रार नाही. समुद्रात वादळ असताना शहरातही गारठा आणि पाऊस असू शकतो, आणि अशा हवेत लोक हॉटेलात जेवायला कमी जात असतील तर वादळाने मागणीही हलवली. मग वक्र जागच्या जागी राहिला हे गृहीत कोसळते. यावर इलाज म्हणून किनाऱ्यावरचे हवामान आणि आठवड्याचा वार यांचे परिणाम वेगळे काढले गेले. तरी हे गृहीत आकड्यांवरून पूर्णपणे सिद्ध करता येत नाही. बाजार कसा चालतो याची माहिती असलेल्या माणसाच्या विवेकावर ते उभे असते, आणि या पद्धतीची खरी जबाबदारी तिथे आहे असे म्हणावे लागेल.

दुसरी अडचण मात्र आकड्यांत दिसते. वादळाने भाव फारसा हललाच नसता, तर खपातल्या फरकाला अगदी छोट्या संख्येने भागावे लागले असते. छेद शून्याजवळ गेला की नोंदीतला किरकोळ योगायोगही उत्तराला कुठल्या कुठे फेकतो. म्हणून शहाणा अभ्यासक उत्तर पाहण्याआधी साधनचलाने भावाला किती हलवले ते पाहतो. तिथे ठळक फरक नसेल तर पुढच्या आकड्याला किंमत नाही.

तिसरी गोष्ट बाजाराच्या रचनेची. ग्रॅडी यांच्या मूळ अभ्यासाचा विषयच असा होता की फुल्टनमध्ये सर्वांना एकच भाव मिळत नव्हता. आशियाई खरेदीदारांना गोऱ्या खरेदीदारांपेक्षा पौंडामागे काही सेंट कमी भावात माल मिळे. विकणारा गिऱ्हाईक पाहून भाव ठरवत असेल, तर ‘या भावाला इतका माल’ असे सांगणारा एकच पुरवठा वक्र तिथे नसतोच. मागणीचा वक्र शोधणे शक्य राहते, पण पुरवठ्याच्या जागी विक्रेत्याचे भाव लावण्याचे धोरण असते.

राइट यांचे परिशिष्ट बराच काळ दुर्लक्षित राहिले. समीकरणे एकत्र सोडवायची असतात, त्यांतले एक सुटे काढून त्याचे रिग्रेशन केले तर उत्तर बिघडते, ही गोष्ट संभाव्यतेच्या भाषेत पक्की मांडली ती नॉर्वेच्या ट्रिग्वे हावेल्मो यांनी १९४३ साली. त्यांना १९८९ मध्ये नोबेल मिळाले. त्यानंतर शिकागोच्या काउल्स आयोगातल्या अभ्यासकांनी कोणत्या परिस्थितीत वक्र ओळखता येतो याचे नियम बसवले. त्यांचा गाभा टोमॅटोच्या हिशेबात आलाच आहे: एखादे समीकरण ओळखायचे तर निदान एक घटक असा हवा जो त्या समीकरणात नाही, पण दुसऱ्यात आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत जास्त भेडसावतो तो कांद्याच्या बाबतीत. लासलगावसारख्या बाजार समितीत रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव नोंदले जातात. त्यांचा आलेख काढून ‘आवक इतकी वाढली की भाव इतका पडतो’ असे म्हणणे सोपे आहे, आणि तसे म्हटलेही जाते. पण उन्हाळी कांदा चाळीत महिनोन्महिने टिकतो. आजची आवक म्हणजे आज पिकलेला कांदा नव्हे. भाव बरा दिसतो आहे की आणखी थांबावे, हा विचार करून शेतकऱ्याने चाळीतून काढलेला तो माल आहे. तिकडे आज घेतलेला कांदाही सगळा आज खाल्ला जात नाही, व्यापारी तो साठवतो. इथे भाव आणि आवक टोमॅटोपेक्षाही घट्ट एकमेकांत गुंतलेले आहेत.

साधनचल म्हणून पहिला विचार निर्यातीच्या निर्णयांचा येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. परदेशी मागणी तुटली, म्हणजे मागणीचा वक्र मागे सरकला. मग यावरून शेतकऱ्याचा पुरवठा वक्र ओळखता येईल का? तो निर्णय चिठ्ठी टाकून झाला असता तर आला असता. पण भाव चढू लागले, पीक कमी येण्याची भीती दिसू लागली, म्हणूनच तो निर्णय झाला. ज्या टंचाईने पुरवठा हलला तिनेच शुल्कही आणले. शुल्काआधीच्या आणि नंतरच्या दिवसांची तुलना करताना दोन्ही वक्र एकदमच हललेले असतात, आणि अभ्यासक पुन्हा मूर यांच्या जागी येऊन पोहोचतो.

अवकाळी पावसाचेही असेच. टोमॅटोत तो स्वच्छ साधन ठरला, कारण तोडलेला टोमॅटो लगेच विकावा लागतो आणि उद्यासाठी राखता येत नाही. काढणीच्या वेळी पाऊस झाला आणि शेतातला कांदा भिजला की पुढच्या महिन्यांत टंचाई होणार हे व्यापाऱ्याला आजच कळते, आणि तो आजच जास्त खरेदी करतो. पावसाने पुरवठ्याबरोबर आजची मागणीही हलवली. रोजच्या नोंदींवर मागणी ओळखायला हा पाऊस म्हणून चालत नाही. संपूर्ण हंगाम एकच नोंद धरला आणि व्यापाऱ्याच्या खरेदीऐवजी घरोघरी खाल्ला गेलेला कांदा मोजला, तर काढणीच्या काळातला पाऊस पुन्हा वापरण्याजोगा होतो, कारण साठवणूक हंगामाच्या आतच बरीचशी फिटते. मात्र मग वर्षाला एकच बिंदू मिळतो, आणि वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदींतून निघालेल्या उत्तराभोवतीची अनिश्चिततेची पट्टी तशीच रुंद राहते.